मृग कुठल्या समुद्रात मावळला

केरीला मामीच्या घरी, ओसरीवरून आत गेलं की समोरच्या भिंतीवर एक फोटो आहे. खाली काळा समुद्र, वर निळसर काळोख आणि त्या काळोखातून उतरलेल्या पंचवीस-तीस रेघा. बारीक, सरळ, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या. लहानपणी आम्ही तो फोटो पावसाचा समजायचो. मोठेपणी कळलं की त्या ताऱ्यांच्या रेघा आहेत. कॅमेऱ्याची झडप अर्धा-पाऊण तास उघडी ठेवली की पृथ्वी फिरत राहते, तारे फिल्मवर सरकत जातात आणि अशा रेघा उमटतात.

फोटो मामाचा. मामा तारवटी होता, उभं आयुष्य बोटीवर गेलं. आफ्रिकेची बंदरं त्याला आमच्या पेडण्याच्या बाजारासारखी पाठ होती. तो गेल्यावर हा फोटो कुठला यावरून घरात दोन तट पडले. मामी म्हणायची, "तो फोटो हांगाचोच मरे." मामाचे बोटीवरचे मित्र म्हणायचे, आफ्रिकेतला असणार, तिकडे तो कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर उतरायचा. बोटीवरून काढलेला नक्कीच नव्हता. डोलणाऱ्या डेकवरून अर्ध्या तासाची इतकी सरळ रेघ कधीच येणार नाही. कुठल्यातरी जमिनीवर तिकाटणं रोवून मामा उभा राहिला होता, एवढं पक्कं.

मी गेली बारा-तेरा वर्षं आकाश बघतो. गेल्या वर्षी गणपतीत मामीकडे गेलो होतो, तेव्हा तो फोटो भिंतीवरून उतरवला, काच पुसली आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. मधल्या तीन रेघा एकमेकींना खेटून जात होत्या. त्यांची टोकं जिन्याच्या पायऱ्यांसारखी मागेपुढे होती. दोन्ही बाजूंना जरा अंतरावर एकेक जाड रेघ. मी मामीला म्हटलं, "मामी, हा मिरग गो." मामीला मिरग म्हणजे पाऊस ठाऊक. सात-आठ जूनला लागणारा, पेरणीचा. सूर्य त्या ताऱ्यांपाशी पोचतो म्हणून पावसाला ते नाव पडलं, आणि सूर्य तिथे असतो म्हणूनच पावसाच्या तोंडावर मृग दिसत नाही, हे मी तिला सांगितलं. त्या तीन रेघा म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला व्याधाचा बाण.

बाण ओळखला आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण बाणातला एक तारा आकाशाच्या बरोबर मध्यरेषेवर आहे. तिघांपैकी सगळ्यात आधी मावळणारा, म्हणजे बाणाचं पश्चिमेकडचं टोक. खगोलीय विषुववृत्तापासून तो अंशाच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी अंतरावर आहे. असा तारा जगात कुठूनही बघा, बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. आणि तो ज्या कलाने मावळतो, त्या कलात बघणाऱ्याचा अक्षांश लिहिलेला असतो.

हे डोळ्यांसमोर आणायला अवघड नाही. विषुववृत्तावर उभे राहिलात तर हा तारा पश्चिमेला ओळंब्यासारखा सरळ खाली उतरेल. उत्तर ध्रुवावर तो उतरणारच नाही, क्षितिजाला धरून आडवा फिरत राहील. ओळंब्यापासूनचा कल विषुववृत्तावर शून्य आणि ध्रुवावर नव्वद. मधल्या कुठल्याही गावी तो कल म्हणजेच त्या गावाचा अक्षांश. गोव्यात पंधरा अंश आणि थोडा वर. पश्चिमेला तोंड करून उभे राहिलात तर इथे तारे वरून डावीकडून खाली उजवीकडे, म्हणजे उत्तरेच्या अंगाला कलत मावळतात.

अक्षांश म्हटला की सगळ्यांना ध्रुवतारा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे अक्षांश. आपल्या समुद्रावरचे जुने खलाशी लाकडाची फळी आणि गाठी मारलेली दोरी घेऊन हेच मोजायचे. कमाल म्हणायचे त्या साधनाला. पण गोव्यात ध्रुव जेमतेम पंधरा अंशांवर असतो. हात लांब करून आंगठा आणि करंगळी ताणली तर वीत वीसेक अंश भरते, त्याहूनही खाली. उत्तरेला एखादी टेकडी, माड, सुरूचं बन असलं की एक तर ध्रुव झाकला जातो किंवा त्याच्या खालचं खरं क्षितिज झाकलं जातं. आमचा समुद्र पश्चिमेला आहे. सपाट, दगाफटका न करणारं क्षितिज मिळतं ते तिकडेच. म्हणून गोव्याच्या माणसाला मला ध्रुवापेक्षा मृगाचा बाण जवळचा वाटतो.

मी मामीच्या नातवाची कंपासपेटी मागितली. गुण्या, पट्टी, कोनमापक. प्रिंट बारा इंच रुंद, आठ इंच उंच. आधी माप ठरवायचं होतं. बाणाच्या दोन टोकांच्या ताऱ्यांमधलं अंतर आकाशात २.७ अंश असतं. प्रिंटवर त्यांच्या रेघांच्या सुरुवातीमधलं अंतर भरलं २० मिलिमीटर. म्हणजे एका अंशाला साधारण ७.४ मिलिमीटर. मामाच्या कॅमेऱ्यावर कायम असायची त्या ५० मिलिमीटरच्या भिंगाशी हे जुळत होतं. मग रेघेची लांबी मोजली, ५५ मिलिमीटर. म्हणजे साडेसात अंश. विषुववृत्ताजवळचा तारा तासाला पंधरा अंश चालतो, तेव्हा मामाने झडप अर्धा तास उघडी ठेवली होती. हे समजल्यावर मी क्षणभर थांबलो. तो अर्धा तास त्याने काय केलं असेल, विडी ओढली असेल की नुसताच बसला असेल, असं काहीबाही मनात आलं.

मग कल. क्षितिजाची रेघ फोटोत स्पष्ट होती, कारण अर्ध्या तासात समुद्र आणि आकाश यांच्यातला फरक फिल्मवर साठत जातो. शिवाय दूरच्या होड्यांचे पाच-सहा दिवे एका ओळीत लागले होते. क्षितिजाला पट्टी लावली, तिच्यावर गुण्या उभा केला. बाणाच्या टोकाच्या ताऱ्याची रेघ खाली क्षितिजापर्यंत आणि थोडी वर वाढवली. १०० मिलिमीटर उभं जाताना ती २७ मिलिमीटर आडवी सरकत होती. कॅल्क्युलेटरवर ०.२७ चा टॅन इन्व्हर्स काढला: १५.१ अंश.

मामीचं म्हणणं खरं, असं मी बोलणारच होतो. तेवढ्यात लक्षात आलं की रेघा उलट्या कललेल्या आहेत.

गोव्यातून पश्चिमेला त्या वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असायला हव्यात. फोटोत वरचं टोक उजवीकडे होतं, खालचं डावीकडे. रेघेला बाण काढलेला नसतो, तारा वर चालला होता की खाली हे तिच्यावरून कळत नाही. त्यामुळे दोन शक्यता उरल्या. एक तर हा पूर्वेला उगवणारा मृग होता आणि फोटो उत्तर गोलार्धात, पूर्वेला समुद्र असलेल्या किनाऱ्यावर काढला होता. आंध्राचा किनारा चालला असता. नाहीतर हा पश्चिमेला मावळणारा मृग होता, पण दक्षिण गोलार्धातून. दक्षिणेकडून पाहिलं की कल उलटा होतो. मी नकाशा उघडला. पंधरा अंश दक्षिण, पश्चिमेला खुला समुद्र, आफ्रिका. बोट बरोबर अंगोलातल्या मोसामेदिश बंदरावर पडलं. जुनी पोर्तुगीज वसाहत, अक्षांश पंधरा अंश आणि थोडा वर, गोव्याचं जणू विषुववृत्तापलीकडचं प्रतिबिंब. मामाच्या मित्रांचं म्हणणं अचानक फार वजनदार वाटायला लागलं.

त्या रात्री मी मामीला काहीच सांगितलं नाही. झोपही लागली नाही. कल जुळत होता, जागा जुळत होती, पण एवढ्यावर पन्नास वर्षांचा विश्वास मोडायचा, तर आणखी एक पुरावा हवा होता.

तो पुरावा नक्षत्राच्या ठेवणीत असतो. बाणाच्या एका बाजूची जाड रेघ फिकट तांबूस होती, ती काक्षी. दुसऱ्या बाजूची निळसर पांढरी, तो राजन्य. काक्षी बाणाच्या उत्तरेला, राजन्य दक्षिणेला, आणि काक्षी राजन्याच्या मागून मावळते. एवढ्या दोन गोष्टी धरून प्रत्येक शक्यतेचं चित्र कागदावर काढता येतं. पंधरा अंश उत्तरेला, पूर्वेला उगवणाऱ्या मृगात काक्षी डावीकडे असते आणि राजन्यापेक्षा खाली. पंधरा अंश दक्षिणेला, पश्चिमेला मावळणाऱ्या मृगात काक्षी उजवीकडे आणि थोडी वर. मामीच्या भिंतीवरच्या फोटोत तांबूस रेघ डावीकडे होती आणि निळसर रेघेपेक्षा चांगली वीतभर नसली तरी चार बोटं वर होती.

असा मृग पृथ्वीवरून कुठूनच दिसत नाही. कागद कसाही फिरवा, तो खऱ्या आकाशावर बसत नाही. बसतो फक्त आरशात.

आरशात धरला, की काक्षी वर उजवीकडे, राजन्य खाली डावीकडे, आणि रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे. उत्तर गोलार्ध, पश्चिमेचा समुद्र, पंधरा अंश.

सकाळी मामीला विचारलं, हा फोटो कशावरून काढला? तिने कपाटातून एक डबा आणला. मामाच्या स्लाइड्स, पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या. वीसेक वर्षांपूर्वी त्यातली एक देऊन एका स्टुडिओतून ही प्रिंट करून घेतली होती. ती स्लाइड खिडकीपाशी धरली. फिल्मची एक बाजू चकचकीत असते. दुसरी, जिच्यावर चित्राचा लेप असतो ती, मंद, किंचित खरबरीत. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवून पाहिलं तर चित्र सुलट दिसतं. मी तशी धरली आणि काक्षी उजवीकडे गेली. स्टुडिओत स्लाइड पालथी घातली गेली होती. तिथल्या माणसाला ते कळण्याचं काहीच साधन नव्हतं. फोटोत ना पाटी ना अक्षरं, फक्त तारे.

पण पंधरा अंश म्हणजे केरीच, असं म्हणायला मी अजून तयार नव्हतो. ही पद्धत किती खरं बोलते हे मला माझ्या पायांखालच्या वाळूवर पाहायचं होतं, कारण केरीचा अक्षांश मला ठाऊक आहे, १५.७. म्हणून एप्रिलअखेरीच्या अमावास्येला पुन्हा केरीला गेलो. त्या दिवसांत मृगाचा बाण रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास समुद्रात बुडतो. आणखी तीन आठवडे थांबलं तर तो संधिप्रकाशातच हरवतो.

पहिल्या रात्री माझ्याजवळ रुंद कोनाचं भिंग होतं. कॅमेरा उभा लावला, आकाश जास्त यावं म्हणून क्षितिज अगदी खालच्या कडेला ठेवलं. घरी येऊन मोजलं तर १४ अंशांच्याही किंचित खाली. नकाशावर तो भटकळ येतो. जवळजवळ दोन अंशांची चूक, म्हणजे दोनशे किलोमीटर. आधी वाटलं क्षितिज चुकलं, पण तसं नव्हतं. साधं भिंग सरळ रेघ सरळच ठेवतं, पण चित्राच्या मध्यापासून कडेकडे जाताना सगळं बाहेरच्या दिशेने जास्त ताणतं. क्षितिज मध्यापासून जेवढं खाली, तेवढ्या तिथल्या रेघा उभ्या ताणल्या जातात आणि कल खऱ्यापेक्षा कमी भरतो. दुरुस्ती सोपी आहे: मोजलेल्या उताराला, म्हणजे त्या आडव्या-उभ्याच्या भागाकाराला, क्षितिज मध्यापासून जितके अंश खाली असेल त्या कोनाच्या कोसाइनने भागायचं. माझ्या फोटोत ते २८ अंश खाली होतं. भागल्यावर उत्तर साडेपंधराच्या वर आलं. मामाच्या फोटोत क्षितिज मध्याखाली फक्त दहा अंश होतं, त्यामुळे तिथे १५.१ चे १५.३ झाले, एवढंच.

दुसऱ्या रात्री क्षितिज चित्राच्या मध्यावरच ठेवलं आणि दुरुस्तीची गरजच संपवली. ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी तसंच करावं. समुद्राचा अर्धा भाग काळाकुट्ट येईल, येऊ दे. भिंग विश्वासाचं आहे की नाही हेही बाणाचाच तारा सांगतो: विषुववृत्तावरच्या ताऱ्याची रेघ कुठल्याही चांगल्या भिंगातून सुईसारखी सरळ यायला हवी. तिच्या उजवीकडच्या रेघा उत्तर ध्रुवाभोवती वाकतात, डावीकडच्या दक्षिण ध्रुवाभोवती, ती मात्र वाकत नाही. वाकली, तर भिंग चित्र फुगवतंय असं समजावं आणि त्या फोटोवर मोजू नये. शेवटचे दोन-तीन अंशही सोडून द्यावेत. तिथे आमच्या एप्रिलच्या दमट धुरकट हवेत तारा विझतोच, आणि दिसला तरी हवेतल्या वक्रीभवनाने उचललेला असतो. अगदी क्षितिजावर हे उचलणं अर्ध्या अंशाहून जास्त भरतं.

सगळ्यात महाग चूक क्षितिजाची. कॅमेरा वाकडा बसला तरी बिघडत नाही, कारण कोन चौकटीशी नाही, क्षितिजाशी मोजायचा असतो. पण क्षितिजच चुकीचं धरलं, धुक्याची कड किंवा लांबचा किनारा क्षितिज समजून पट्टी लावली, तर दोन अंशांची चूक जशीच्या तशी दोन अंशांची चूक म्हणून उत्तरात उतरते.

रेघ नसली, मोबाइलच्या नाइट मोडमधला साधा ठिपक्या-ठिपक्यांचा मृग असला, तरी काम होतं. पश्चिमेला क्षितिजाजवळ आलेल्या बाणाचा ओळंब्यापासूनचा कोन मोजायचा आणि त्यातून ३७ वजा करायचे, कारण बाण ताऱ्यांच्या वाटेशी स्वतःच तेवढा तिरका आहे. मामाच्या स्लाइडवर मी हेही करून पाहिलं. कोन आला ५३, उरले १६. बाण फक्त दोन सेंटिमीटरचा, तेव्हा त्याच्यावर रेघेइतका भरवसा ठेवता येत नाही, पण दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच गावाजवळ पोचलो याचा आनंद मोठा होता.

आता गाव कुठलं. प्रिंटवर एका मिलिमीटरची चूक म्हणजे अर्धा अंश, आणि रेघेची जाडीच अर्ध्या मिलिमीटरच्या वर. म्हणून मी १५.३ अंश, एक अंश इकडेतिकडे, एवढंच म्हणू शकतो. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. अख्खा गोवा दक्षिणोत्तर जेमतेम १०० किलोमीटर. तेरेखोलपासून पोळेंपर्यंतचा प्रत्येक किनारा या उत्तरात बसतो, हरमल काय आणि गालजिबाग काय. ही रेघ मोसामेदिश वगळू शकते, मस्कत वगळू शकते, मोंबासा वगळू शकते. केरी आणि काणकोण वेगळे करू शकत नाही. आणि रेखांश तर ती सांगतच नाही, त्यासाठी फोटो काढल्याची अचूक वेळ लागते. पंधराव्या अंशाजवळ पश्चिमेला समुद्र असलेलं सेनेगलचं डकारही आहे. मामाची बोट तिथे कधी लागली असेल तर ताऱ्यांना ते वेगळं सांगता येणार नाही.

हे सगळं मी मामीपुढे मांडलं. तिने शांतपणे ऐकलं आणि स्लाइड मागितली. चकचकीत बाजू स्वतःकडे, मी दाखवली तशी. मग डोळे बारीक करून खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे वाळूवर एका होडीची काळी आकृती आहे. प्रिंट कापताना तो कोपरा गेला होता, म्हणून आम्ही कुणी ती कधी पाहिली नव्हती. होडीला एकच उलांडी, आणि उलांडीवर कुणीतरी वाळत टाकलेलं जाळं.

"ही आमची," मामी म्हणाली. "ही होडी मी रंगवलेली."

प्रिंट पुन्हा करायला दिली आहे. देताना स्लाइडच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक छोटी फुली काढली आणि खाली लिहिलं: ही बाजू आपल्याकडे, तांबूस रेघ उजवीकडे.